साखर सोडली, गूळ धरला… मग गोड कमी झालं का?



मागच्या महिन्यात आपल्या कुटुंब-ग्रुपवर एक प्रश्न आला होता. "ताई, घरात साखर आणणं बंद केलंय, सगळं गुळावर करतो. तरी आईंची शुगर का वाढली?" त्या दिवशी दोन ओळींत उत्तर दिलं, पण तेवढ्याने भागण्यासारखा हा विषय नाही. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम केलं आणि हाच प्रश्न मला बेळगावात, इंदूरला, बडोद्याला, जिथे गेले तिथे विचारला गेला. म्हणून आज जरा सावकाश लिहिते. चहा पिता पिता वाचा, फक्त त्या चहात गोड किती आहे ते आधी बघा!

*बेळगावच्या काकूंची गोष्ट*

आपल्या सत्संगातल्या एक काकू आहेत, वय ५८. शाळेतून निवृत्त, घरात नातवंडं, स्वयंपाकाची हौस. दोन वर्षांपूर्वी त्यांचं एचबीएवनसी ६.३ आलं. ही रक्ततपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह, आणि मधला पट्टा म्हणजे उंबरठा. काकू उंबरठ्यावर होत्या. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आहार सांभाळा.

काकूंनी त्याच दिवशी साखरेचा डबा भावजयीला देऊन टाकला आणि चांगला कोल्हापुरी गूळ भरला. वर्षाने पुन्हा तपासणी केली, तर ६.४. काकू रडवेल्या झाल्या. मला म्हणाल्या, "अहो ताई, साखर सोडून वर्ष झालं की हो! अजून काय सोडू?"

मी म्हटलं, "काही सोडू नका. फक्त चार दिवस तोंडात टाकायच्या आधी गूळ वजनकाट्यावर ठेवा."

घरात केकसाठी सुनेने आणलेला छोटा काटा होता. चार दिवसांनी काकूंची वही बघितली. चहा दिवसातून तीन वेळा, प्रत्येक कपाला गुळाचा खडा साधारण १२ ग्रॅमचा, म्हणजे ३६ ग्रॅम. दुपारी जेवण झाल्यावर पोळीच्या शेवटच्या घासाबरोबर तूप-गूळ, तो १५ ग्रॅम. चार वाजता गोकाकच्या करदंटाचा एक तुकडा. त्यात निम्मा गूळ धरला तर आणखी १५. एकूण ६६ ग्रॅम गूळ रोज.

आता आधीचा हिशेब. साखर खात होत्या तेव्हा तीन कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे सहा चमचे. जेवणानंतरचं गोड त्या टाळायच्या, कारण "साखर वाईट". करदंटही क्वचितच. गूळ आला आणि मनातला पहारेकरी रजेवर गेला. गूळ पौष्टिक आहे ना, मग थोडा जास्त गेला तर काय बिघडतं! काकूंनी साखर सोडली होती हे खरंच, पण गोड दुपटीच्या आसपास गेलं होतं.

*गूळ आणि साखर यांत खरा फरक किती?*

साखर म्हणजे जवळजवळ शंभर टक्के सुक्रोज. गूळही त्याच उसाच्या रसाचा. रस आटवताना त्यातला थोडा ओलावा, थोडी खनिजं आणि मळीचा अंश गुळात राहतो, म्हणून तो तपकिरी दिसतो आणि त्याला तो खमंग वास येतो. पण १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम साखरच असते. त्यातली बहुतेक सुक्रोज आणि थोडी ग्लुकोज-फ्रुक्टोज. उष्मांकही जवळपास तेवढेच: १०० ग्रॅम साखरेत ४००, तर गुळात साडेतीनशेच्या पुढे. पोटात गेल्यावर आतड्याला हे कळत नाही की हे गुऱ्हाळातून आलं की कारखान्यातून. रक्तातली साखर गुळाने हळू चढते, हा समज खरा नाही.

घरात लक्षात ठेवायला एक सोपं माप सांगते. *६ ग्रॅम गूळ म्हणजे एक लहान चमचा (५ ग्रॅम) साखर.* काकूंचा ६६ ग्रॅम गूळ म्हणजे ११ चमचे साखर. आधी सहा चमचे, आता अकरा.

यात आणखी एक गंमत आहे. चमचा मोजला जातो, खडा मोजला जात नाही. आणि तितकाच गोडवा यायला गूळ थोडा जास्तच लागतो, त्यामुळे हात सैल सुटतो. गुळाने नुकसान होतं ते बहुतेक वेळा या न मोजण्यामुळे.

"पण गुळात लोह असतं ना?" असतं. १०० ग्रॅमला साधारण चार-पाच मिलिग्रॅम, गुळागुळाप्रमाणे कमी-जास्त. काकूंच्या रोजच्या ६६ ग्रॅममधून तीनेक मिलिग्रॅम मिळत होतं. आता ५० ग्रॅम पिठाची एक बाजरीची भाकरी बघा. तिच्यातूनही तीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं, आणि तेही ११ चमचे साखर न खाता. शिवाय चहातले घटक लोहाचं शोषण अडवतात. म्हणजे गुळाचा चहा पिऊन रक्त वाढेल ही आशा दोन्ही बाजूंनी लंगडी. लोह हवं असेल तर भाकरी, पालेभाजी, उसळ आणि वर लिंबू पिळा. लिंबाने लोह चांगलं शोषलं जातं.

मग गूळ वाईट का? अजिबात नाही. पुरणपोळीला, तिळगुळाला, आमटीला जी चव गुळाने येते ती साखरेने येत नाही. *गूळ चवीसाठी वापरा, औषध म्हणून नको. आणि मोजताना त्याला साखरच समजा.* गोव्याच्या मंडळींचा माडाचा गूळ, मध, खडीसाखर, ब्राउन शुगर, या सगळ्यांना हाच नियम.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की वरून घातलेलं गोड (त्यात मध आणि फळांचा रससुद्धा आला) दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आलं तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच चमचे. आख्खं फळ यात धरत नाहीत. बडोद्याच्या घरांत डाळ-भाजीतही गूळ पडतो, तोही या पाच चमच्यांत मोजायचा बरं का.

*चार वाजता गोड का आठवतं?*

काकूंना मी विचारलं, "सगळ्यात जास्त ओढ कधी लागते?" उत्तर ठरलेलं: दुपारी चार, आणि रात्री जेवणानंतर.

त्यांचं दुपारचं जेवण बघितलं. भात, पातळ आमटी, थोडी भाजी, शेवटी अर्धी पोळी गुळाशी. प्रथिनं आणि चोथा कमी. असं जेवण लवकर पचतं, साखर पटकन चढते आणि तीन तासांत पुन्हा पोकळी वाटते. तेव्हा शरीर भूक सांगत असतं, पण सवयीने आपण ती "गोड हवं" अशी ऐकतो. झोप कमी झाली असेल तर ही ओढ आणखी वाढते.

ओळखायची साधी खूण सांगते. गोड आठवलं की स्वतःला विचारा, *"आत्ता समोर भाकरी-भाजी आली तर खाईन का?"* खाईन असं वाटलं तर ती भूक आहे, खायला हवं. "नको, लाडूच हवा" असं वाटलं तर ती सवयीची ओढ. एक पेला पाणी प्या, पंधरा मिनिटं हातात दुसरं काम घ्या. बऱ्याचदा ती ओसरते.

काकूंच्या बाबतीत चारची ओढ ही भूक निघाली आणि रात्रीची ओढ ही सवय. म्हणून दोन्हींवर उपाय वेगळे केले.

*आधी फळ*

दुपारच्या जेवणात एक वाटी उसळ किंवा घट्ट दही वाढवलं. चार वाजता करदंटाऐवजी एक पेरू आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. पेरू चावावा लागतो, त्यात चोथा भरपूर, त्यामुळे त्यातली साखर हळूहळू रक्तात जाते. शेंगदाण्याने पोट टिकतं. पेरूचा हंगाम नसेल तेव्हा संत्रं, सफरचंद, पपईच्या फोडी, जांभळं. केळं असेल तर लहान एक. आंबा असेल तर अर्धा, आणि तोही जेवणानंतर आमरसाच्या वाटीबरोबर "वरून" नव्हे.

फळ चावूनच खायचं. तीन संत्र्यांचा रस एका पेल्यात मावतो. साखर तिन्ही संत्र्यांची पोटात जाते आणि चोथा गाळणीत राहतो. तीन संत्री सोलून खायला बसलात तर दुसऱ्यालाच थांबाल.

*खजूर: बिया ताटलीत ठेवा*

खजूर हा आपल्याकडचा दुसरा गैरसमज. तो फळ आहे हे खरं, त्यात चोथाही आहे, पण वाळलेला असल्याने वजनाच्या जवळपास दोन-तृतीयांश साखरच असते. नेहमीच्या आकाराच्या दोन खजुरांत मिळून साधारण १२ ग्रॅम साखर, म्हणजे अडीच चमच्यांच्या आसपास. मोठा मेडजूल असेल तर एकातच तीन चमचे. खारीक तर आणखी वाळलेली.

तरीही काकूंना मी दुपारच्या तूप-गुळाऐवजी दोन खजूर सांगितले. कारण खजूर चिवट असतो, हळू खावा लागतो आणि गोडाचं समाधान चांगलं देतो. खजुरात एक बदाम किंवा अक्रोडाचा तुकडा भरला तर दोनावर सहज भागतं. अट एकच, बी असलेला खजूर आणायचा आणि *बिया ताटलीतच ठेवायच्या.* दोन बिया दिसल्या की थांबायचं. बी काढलेला, वडी करून दाबलेला खजूर आणला की दोनाचे सहा कधी झाले ते कळत नाही. "शुगर-फ्री खजूर लाडू" म्हणून जे विकतात त्यात वरून साखर नसेल, पण एका लाडवात तीन-चार खजूर असतात. तो लाडू मिठाईतच मोजा.

*चहा हळूहळू*

चहातलं गोड एकदम बंद केलं तर माणूस चौथ्या दिवशी पुन्हा दोन चमच्यांवर येतो. काकूंनी १२ ग्रॅमचा खडा दहा दिवस ९ ग्रॅमवर आणला, मग ६, मग ३. जिभेला नवीन चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढे द्यायचे. तीन कपांचे दोन केले. दीड महिन्याने लेकीकडे जुन्यासारखा चहा मिळाला, तर काकूच म्हणाल्या, "हा काय पाक केलाय!"

*ठरवलेलं गोड*

सगळं गोड कायमचं बंद असं मी कुणालाच सांगत नाही. बंद केलेलं गोड दिवसभर डोक्यात फिरतं आणि एखाद्या लग्नात चार गुलाबजाम होऊन बाहेर पडतं. त्यापेक्षा आधी ठरवा: *कुठल्या दिवशी, कुठला पदार्थ, किती.*

काकूंनी रविवार ठरवला. दुपारच्या जेवणानंतर, लहान वाटीत, बसून. कधी बेळगावचा कुंदा दोन चमचे, कधी अर्धी पुरणपोळी. उपाशीपोटी गोड खाल्लं की साखर झपाट्याने चढते. डाळ, भाजी, दही पोटात असताना खाल्लं तर तेवढी चढत नाही. जेवून पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तर आणखी फरक पडतो. कुंदा आणायचा तर शंभर ग्रॅम आणायचा आणि घरात वाटून संपवायचा. अर्धा किलोचा डबा फ्रीजमध्ये असला की रोजच रविवार होतो.

पुरणाचा हिशेबही बघा. एक वाटी डाळीला एक वाटी गूळ हे आपलं नेहमीचं माप. वाटीत २०० ग्रॅम गूळ मावला आणि आठ पोळ्या झाल्या, तर पोळीमागे २५ ग्रॅम गूळ, म्हणजे चार चमचे साखर. गूळ पाऊण वाटी केला आणि वेलदोडा-जायफळ जरा सढळ घातलं, तर पोळी तीन चमच्यांवर येते आणि पंगतीत कुणाला पत्ताही लागत नाही. काकूंनी करून बघितलंय!

इंदूरकरांनी पोह्यांबरोबरची जिलबी रोज न खाता एक दिवस ठरवून खावी, आणि पोहे आधी संपवून मग. हैदराबादच्या घरी खुबानी का मीठा, गोव्यात दोदोल, प्रत्येक घराने आपलं आवडतं निवडावं. न आवडणारं गोड "समोर आलं म्हणून" खाण्यात कोटा संपवू नका.

*प्रसाद आणि उपवास*

प्रसाद नाकारायचा नाही, पण प्रसाद कणभरच असतो. गुरुवारी शिरा वाटताना द्रोण भरण्याऐवजी एक चमचा हातावर द्यावा, ही वाढणाऱ्यांना नम्र विनंती. ज्यांना पथ्य आहे त्यांना मग "नको" म्हणण्याचा संकोच उरत नाही. काही केंद्रांवर आता शिऱ्याबरोबर फळांच्या फोडीही ठेवतात, तेही चांगलं.

एकादशीला मात्र सांभाळा. सकाळी केळं, मग खजूर, दुपारी साबुदाणा, चारला गुळाची चिक्की, रात्री राजगिऱ्याचा लाडू, म्हणजे उपवासाच्या दिवशीच सर्वांत जास्त साखर. दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ माफक, दही, काकडी आणि एक फळ, असा उपवास करता येतो.

*हे नीट वाचा ⚠️*

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर अचानक लागलेली गोडाची ओढ ही साखर खूप कमी झाल्याची खूण असू शकते. हात थरथरणं, घाम फुटणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. तेव्हा "पंधरा मिनिटं थांबा" हा वरचा सल्ला लागू नाही. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला, किंवा मशीन नाही पण लक्षणं आहेत, तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून द्या. इथे खजूर, लाडू, चॉकलेट कामाचं नाही. चोथ्यामुळे आणि तुपामुळे त्यातली साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटल्यावर पोळी-भाजीसारखं काही खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. म्हणजे घरात गूळ असो वा नसो, अशा घरात साखरेची एक पुडी हाताशी असलीच पाहिजे. ही औषधं चालू असताना गोड किंवा जेवण बरंच कमी करायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, औषधाचा डोस बदलावा लागतो.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर खजूर आणि केळ्यातलं पोटॅशियम त्रास देऊ शकतं. त्यांनी कुठलं फळ किती हे डॉक्टरांनाच विचारावं.

*काकूंचं पुढे काय झालं?*

६६ ग्रॅम गुळाचे ६ ग्रॅम झाले, तेही दोन कप चहातले. त्याशिवाय दोन खजूर, एक फळ, रविवारचं गोड. रात्रीच्या सवयीसाठी जेवण झालं की लगेच बडीशेप खाऊन दात घासायचे. त्यानंतर डब्याकडे हात जात नाही, असं त्याच सांगतात. मधे दिवाळीचे आठ दिवस गडबड झाली. फराळ झाला, चहाही गोड झाला. पण पाडव्यानंतर त्यांनी पुन्हा काटा काढला.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.१ आलं. संध्याकाळचं चालणंही वाढलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय आहाराला देता येत नाही. काकूंचं बोलणं मात्र मला आवडलं. म्हणाल्या, "वर्षभर मी साखरेशी भांडत होते ताई, आणि गूळ मागच्या दाराने येत होता."

या आठवड्यासाठी एवढंच करा. घरातला गुळाचा खडा एकदा काट्यावर ठेवा. काटा नसेल तर किराणा दुकानात करून घ्या. दिवसाचे एकूण ग्रॅम काढा, सहाने भागा, किती चमचे साखर झाली ते आपापल्या कुटुंब-ग्रुपवर लिहा. आकडा मोठा निघाला तर लाजू नका, काकूंचा अकरा होता.